तीन आठवड्यांची सुई

डोहाळजेवणाच्या दिवशी मनवाला हिरवी साडी नेसवताना तिच्या पाठीला माझा हात लागला आणि मी निऱ्या करायच्या थांबले. पंख्याखाली उभी होती पोरगी, तरी पाठ घामाने भिजलेली आणि हाताला गार. मी विचारलं, काय गो, बरं नाही का वाटत? ती हसली. म्हणाली, काही नाही आई, जरा दम लागतोय. एवढं बोलायलासुद्धा तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला.

मी सुगंधा परब. लग्न होऊन आले ती लालबागच्या ह्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. सासरे गिरणीत होते, नवरा गिरणीत होता. गिरण्या गेल्या, मागोमाग नवराही गेला. मुलगा वैभव आता लोअर परळला काचेच्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटरसमोर बसतो. माझं तोंड फटकळ, हे चाळीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे. पण मी बोलते ते तोंडावर. पाठीमागे एक आणि पुढे एक, हे मला जमत नाही आणि दुसऱ्याने केलेलं खपतही नाही.

मनवा गिरगावची. दादरच्या वधूवर मंडळातून हे स्थळ आलं. वडील नाहीत, आई सुनेत्राबाई बँकेतून रिटायर झालेल्या. बोलणं मोजकं, साडीची घडी कधी मोडलेली नाही, आपल्याला उगाच आवाज खाली करावा लागेल अशा बाई. मुलगी मात्र मला पाहताक्षणी आवडली. आमच्या घरात सगळेच भोंगे. म्हटलं, एक तरी शांत माणूस येऊ दे.

पाचव्या महिन्यापासून तिला दम लागायला लागला. जिना चढताना मधल्या कठड्याला धरून उभी राहायची, मी वरून हाका मारत असायचे. पुढे जरा आडवी झाली की खोकला. नाव घातलं होतं त्या प्रसूतिगृहातल्या बाई म्हणाल्या रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या दिल्या. मी खजूर, बीट, नाचणीची आंबील, काय काय चालू केलं. तरी रात्री ती भिंतीला उशा रचून बसल्या बसल्या झोपायची. वैभव घाबरून मला सांगायला आला तर मी त्यालाच गप्प केलं. म्हटलं, पोटात पोर वाढतंय, दम लागायचाच. तुझ्या वेळी मलाही लागायचा. बायकांच्या गोष्टीत तू नाक खुपसू नकोस.

तर ते डोहाळजेवण. खाली मंडळाच्या हॉलमध्ये ठेवलं होतं, दुपारच्या चहानंतर. फुलांचे दागिने घातलेली मनवा खुर्चीत अशी काही दिसत होती की मी दोनदा कडाकडा बोटं मोडली. सुनेत्राबाई गिरगावाहून लवकरच आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी मनवाला बाजूला घेऊन विचारलं, मध्ये कधी ताप आला होता का, घसा दुखला होता का. मला हसू आलं. पोरीला दम लागतोय आणि आई घशाचं विचारते.

बायकांनी ओटी भरली, गाणी म्हटली. मग झाकलेल्या वाट्या पुढे आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. मनवाने एका वाटीकडे हात नेला आणि तिला खोकला सुटला. थांबेचना. सगळ्या म्हणतायत पाणी द्या, पाठ चोळा. मी पदराने तिचं तोंड पुसलं तर पदराला फेस लागला. फेस गुलाबी होता.

गाणी कधी थांबली मला कळलं नाही. मनवा खुर्चीच्या कडेला येऊन पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, आणि बुडणारं माणूस वर येऊन जसा घोट घेतं तसा श्वास घेत होती. दर श्वासाला छातीत घुरघुर.

आमच्या चाळीसमोरच एक दवाखाना आहे. डॉक्टर चांगले आहेत, पोराबाळांचे ताप-खोकले त्यांच्याच हातून बरे झालेत. चार बायकांनी खुर्चीसकट मनवाला तिथे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली. आतून शिट्टीसारखा आवाज येतोय, म्हणाले, दमा उफाळलाय. वाफेचं मशीन काढलं, त्यात औषध घातलं, मास्क तोंडाला लावला. मी वैभवला फोन केला, ताबडतोब निघ. माझा आवाज ऐकून त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

वाफ घेऊन पोरीला आराम पडायला हवा होता. झालं उलटंच. तिची छाती साडीच्या वरून उडताना दिसायला लागली. मनगट धरलं तर नाडी अशी धावत होती की एक ठोका कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते समजेना. ओठ जांभळे पडले. तिने मास्क ओढून काढायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेने मी आजही दचकून उठते. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा द्यावं लागेल, आणि दुसरी कुपी फोडायला लागले.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरून मला दाराबाहेर ओढलं. सुनेत्राबाई होत्या. चेहरा कागदासारखा.

"तुम्ही तिला परत पाठवणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

मला काही कळेना. म्हटलं, "परत कुठे?"

"माझ्याकडे. कायमची."

आत माझी सून गुदमरतेय आणि ही बाई दारात उभी राहून मला काय विचारतेय! त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आत बघितलं. उत्तराची वाट न बघता हात सोडला आणि सरळ आत जाऊन डॉक्टरांचा कुपीचा हात धरला.

"हा दमा नाही," त्या म्हणाल्या. "तिला लहानपणी रुमॅटिक फिव्हर झाला होता. हृदयाच्या झडपेला लागलंय. पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू होती, ती मी बंद केली."

डॉक्टरांनी कुपी खाली ठेवली. मशीन बंद केलं. ऑक्सिजनची छोटी टाकी होती ती लावली. मग नळी घेऊन मनवाच्या डाव्या स्तनाच्या खाली टेकवली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी दंडात एक इंजेक्शन दिलं, परळच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला आणि मला म्हणाले, काकी, ॲम्ब्युलन्सची वाट बघू नका, टॅक्सी करा, आणि काही झालं तरी हिला आडवी करू नका.

लालबाग ते परळ अंतर ते काय, चालत गेलं तरी माणूस पोचतं. पण त्या संध्याकाळी पुलाखाली गाड्या चिकटून उभ्या होत्या. मागच्या सीटवर मी तिच्या पाठीमागे बसले, माझ्या छातीला टेकवून तिला ताठ धरली. सुनेत्राबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. तिच्या गळ्यातली फुलं मी ओढून तोडली. तिचा प्रत्येक श्वास माझ्या छातीवर आपटत होता, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, पुढचा येतो की नाही. माझ्या हाताखाली पोटात पोराने लाथ मारली. मला रडू नाही आलं, भीतीच एवढी होती की रडायला जागा नव्हती. गावच्या रवळनाथाला म्हटलं, देवा म्हाराजा, काय वाटेल ते मागून घे, पण हिला हात लावू नको.

हॉस्पिटलात तिला टॅक्सीतून उचललं आणि पडद्याआड नेलं. एक तरुण डॉक्टरीण होती, नूपुर नावाची, माझ्या मुलापेक्षाही लहान असेल. पडद्याआडून तिचा आवाज येत होता. बसलेलीच ठेवा, ऑक्सिजन वाढवा, लघवी व्हायचं इंजेक्शन द्या, फुप्फुसातलं पाणी उतरलं पाहिजे. मग ठोके कमी करायचं औषध. वैभव धावत आला. शर्ट भिजलेला. त्याला काय सांगू, कुठून सुरुवात करू? मी नुसतं सुनेत्राबाईंकडे बोट केलं आणि म्हटलं, ह्यांना विचार.

त्यांनी सगळं सांगितलं. बाकावर बसून, मान खाली घालून, एकही गोष्ट न गाळता.

मनवा पाचवीत असताना तिचा घसा धरला होता. चौपाटीवरचा गोळा खाल्ला म्हणून असेल, असं म्हणून मीठ-पाण्याच्या गुळण्या दिल्या. चार दिवसांत घसा उतरला, पोरगी शाळेत जाऊ लागली, विषय संपला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि गुडघा सुजला. खेळताना पडली असेल म्हणून तेल चोळलं. गुडघा बरा झाला तर घोटा सुजला, घोटा उतरला तर मनगट. दुखणं घरभर फिरावं तसं अंगभर फिरत होतं. शेवटी डॉक्टरांनी छातीला नळी लावली तेव्हा ठोक्यांच्या मध्ये एक जास्तीचा आवाज आला. त्याला मर्मर म्हणतात. झडप नीट मिटत नव्हती, थोडं रक्त मागे गळत होतं. बरेच दिवस झोपवून ठेवलं, सांधे मोकळे झाले. मग डॉक्टर म्हणाले, आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई. एकही चुकवायची नाही, कित्येक वर्षं.

ती सुई म्हणे फार दुखायची. घट्ट पांढरं औषध, जाड सुई, कुल्ल्यात. मनवा लंगडत शाळेत जायची पण गेली नाही असं झालं नाही. वीस वर्षांची होईपर्यंत सुनेत्राबाईंनी एकही चुकू दिली नाही.

मग स्थळं बघायला सुरुवात झाली. त्यांच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, कारण काय तर तिला फिट यायची हे मुलाकडच्यांना कळलं. सुनेत्राबाईंना धसका बसला. नवरा गेलेला, मुलगी एकुलती एक. दर तीन आठवड्यांनी सुई घेणारी मुलगी कोण करेल? मनवा तर ठणठणीत होती. नवरात्रात गरबा खेळायची, काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी स्वतःला समजावलं. डॉक्टरांकडे जाणं बंद केलं, आणि मनवाला सांगितलं, कोर्स पूर्ण झाला, आता तू बरी आहेस, कुणाकडे हा विषय काढायचा नाही. पोरीने आईवर विश्वास ठेवला.

वैभव उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हणाले, अहो, तुम्ही आम्हाला फसवलंत ते राहू दे, पोटच्या पोरीला फसवलंत. त्या म्हणाल्या, हो. एवढंच. वाद घातला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

डॉक्टर नूपुर बाहेर आली. म्हणाली, सध्या सावरली आहे, पण धोका टळलेला नाही. मला तिचं इंग्रजी समजेना, तेव्हा ती बिचारी माझ्या शेजारी बाकावर बसली आणि सरळ मराठीत सांगायला लागली.

घशात जे जंतू होतात त्यांना मारायला शरीर आपली फौज तयार करतं. पण त्या जंतूंचा आणि आपल्या हृदयाच्या झडपांचा तोंडवळा कुठेतरी सारखा. मग फौज झडपेलाच शत्रू समजते. म्हणून घसा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी हे दुखणं सुरू होतं. सांधे सुजतात ते उतरतात, मागे काही ठेवत नाहीत. झडपेवर मात्र व्रण राहतो. पुन्हा घसा आला की पुन्हा तोच हल्ला, व्रणावर व्रण. ती सुई घशातल्या जंतूंना पुन्हा शिरकाव करू देत नाही, म्हणून ती थांबवायची नसते. भाजलेली कातडी आकसते तशी झडप हळूहळू जाड होते, आकसते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात. वर्षानुवर्षं चालतं हे आणि माणसाला पत्ता नसतो. मनवाची झडप आधी नीट मिटत नव्हती, आता नीट उघडतच नाही.

"मग इतकी वर्षं काही झालं कसं नाही?" वैभवने विचारलं.

ती म्हणाली, पोटात बाळ आलं की अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि ठोके वाढतात. सातव्या महिन्याच्या सुमारास सगळ्यात जास्त ताण. एवढं रक्त त्या चिंचोळ्या फटीतून पुढे जात नाही, ते मागे फुप्फुसात तुंबतं. म्हणून दम, म्हणून आडवं झालं की खोकला, म्हणून तो गुलाबी फेस. छातीतली शिट्टीसुद्धा त्या पाण्याचीच, दम्याची नव्हे. वाफेतल्या औषधाने ठोके आणखी पळाले, म्हणजे झडप उघडी राहायचा वेळ आणखी कमी झाला. मग सुनेत्राबाईंकडे न बघताच म्हणाली, वेळेवर सांगितलंत. आणखी एकदा दिलं असतं तर इथवर आणता आली नसती.

मला ते वाक्य आवडलं नाही. मला त्या बाईवर रागवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले तर मनवाच्या खाटेभोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. एकेक पुढे येतो, तिच्या छातीला नळी लावतो, मान डोलावतो, मागे होतो. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, ही काय प्रदर्शनात ठेवली आहे काय रे? पोरं घाबरून दोन पावलं मागे सरली. नूपुर म्हणाली, काकी, हा आवाज फार बारीक असतो, पटकन सापडत नाही. प्रसूतिगृहात सुटला, दवाखान्यात सुटला. ह्यांनी आज नीट ऐकला तर उद्या दुसऱ्या कुणाची मनवा सुटणार नाही.

मी खाटेजवळ सरकले. मग म्हटलं, मलाही ऐकव.

तिने आधी स्वतःच्या छातीला नळी लावून मला दोन ठोके ऐकवले. लब-डब, लब-डब, मध्ये शांतता. मग मनवाला हलकेच डाव्या कुशीवर कलती केली, उशांच्या आधाराने, आणि नळीचा वाटीसारखा भाग डाव्या बरगड्यांवर अलगद टेकवला. सुरुवातीला मला काहीच वेगळं वाटेना. पहिला ठोका फक्त जोरात, दार आपटावं तसा. मग नूपुर म्हणाली, ठोक्यांकडे लक्ष देऊ नका, मधल्या जागेत ऐका. आणि ऐकू आला. दुसऱ्या ठोक्यानंतर जिथे शांत असायला हवं तिथे एक खालच्या सुरातली घरघर. शेजारच्या खोलीत कुणी जातं फिरवत असावं तशी. लब-डब, घर्रर्र. लब-डब, घर्रर्र. एवढ्या फटीतून रक्त रेटा देऊन पुढे जात होतं, दर ठोक्याला, मी जिन्यात तिला हाका मारत होते तेव्हाही.

मी नळी काढली. मनवा माझ्याकडे बघत होती. "खूप वाईट आहे का, आई?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आमच्या चाळीतला नळ ह्याच्याहून जास्त आवाज करतो." ती हसली. मी बाहेर जाऊन जिन्यात पदर तोंडात कोंबून रडले.

औषधांनी ती थोडी निभावत होती पण पुढचे महिने निभावणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांचं मत पडलं. बाळंतपणाच्या कळा ह्या झडपेला सोसवणार नाहीत. फुगा घालून झडप उघडायची. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा फुगा त्या चिंचोळ्या झडपेत फुगवायचा, म्हणजे चिकटलेल्या कडा सुटतात. आधी घशातून कॅमेरा घालून हृदयात गुठळी नाही ना ते बघितलं. एक्स-रे बाळाला लागू नयेत म्हणून पोटाभोवती शिशाचं जॅकेट बांधणार होते. सगळं सांगून झाल्यावर डॉक्टरांनी तेही सांगितलं जे ऐकायचं नव्हतं. कधी कधी झडप नको तिथे फाटते. मग लगेच छाती उघडावी लागते, आणि मग आई आणि बाळ दोघांचंही काही सांगता येत नाही.

वैभवने सही केली. मनवाला आत नेताना तिने एका हाताने त्याचा हात धरला, दुसऱ्याने तिच्या आईचा. मला हात उरला नाही. मी तिच्या पायाला हात लावला. पाय बर्फासारखे होते.

बाहेर बसलो. वैभव येरझारा घालत होता. सुनेत्राबाई बाकाच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला. दार उघडलं की तिघांचेही श्वास थांबायचे, आणि कुणीतरी नर्स ट्रे घेऊन निघून जायची. एकदा आतून माणसं भराभर चालल्याचा आवाज आला आणि सुनेत्राबाई उभ्या राहिल्या. त्यांचा तोल जात होता. पडतील म्हणून मी उठून त्यांचं बखोट धरलं. किती हलकी होती बाई, हाडंच हाताला लागली. त्या माझ्याकडे न बघता पुटपुटत होत्या, माझ्यामुळे, माझ्यामुळे. मी म्हटलं, हो, तुमच्यामुळे. पण आता बसा. आणि त्यांच्याच शेजारी बसले, कारण मला स्वतःलाही एकटीला बसवेना. भीती अशी असते की तिच्यापुढे राग टिकत नाही.

मोठे डॉक्टर बाहेर आले ते मास्क काढतच. म्हणाले, झडप मोकळी झाली. जेमतेम थोडी गळती आहे, ती चालेल. बाळाचे ठोके छान आहेत.

आम्हाला आत सोडलं तेव्हा मनवा झोपली होती. मी दारातच थबकले. ती आडवी झोपली होती. पाठीवर, सपाट, एका पातळ उशीवर. कित्येक महिन्यांत मी तिला तशी पाहिली नव्हती. छाती सावकाश वर जात होती, सावकाश खाली येत होती. सुनेत्राबाई माझ्या मागे उभ्या राहून ते बघत होत्या.

घरी सोडताना नूपुरने सगळं पुन्हा सांगितलं. झडप उघडली आहे, नवी झालेली नाही. व्रण तसेच आहेत, पुन्हा आवळू शकते. सुई आजपासून परत सुरू, चाळिशीपर्यंत तरी, कदाचित त्याहून पुढेही. बाळंतपण इथेच, ह्याच हॉस्पिटलात, कळा सुरू झाल्या की तास न दवडता. आणि घसा नुसता खवखवला तरी यायचं. ती बोलत होती आणि माझ्या डोक्यात येत होतं, चाळीत रोज कुणीतरी खोकत असतं. कुणाकुणाचं तोंड बंद करू?

घरी आलो. रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी. सुनेत्राबाई मनवाला न्यायला आल्या, सोबत मोठी बॅग. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत एकच पाऊल. मी स्वयंपाकघरात आंबील ढवळत होते. आतल्या खोलीत मनवा कपाट उघडून उभी होती, बराच वेळ, काहीच न काढता. मग ती माझ्यापाशी आली. आवाज इतका खाली की मला गॅस बंद करावा लागला.

"आई, मी सगळे कपडे घेऊ का?"

तेव्हा कुठे मला कळलं, ह्या मायलेकी दवाखान्याच्या दारापासून कसली वाट बघतायत. मी त्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नव्हतं. माझी सून मरता मरता वाचली आणि आता माझ्या तोंडाकडे बघून उभी होती. हृदयाला जरा कुठे आराम मिळालेला, आणि मी तिला त्याच भीतीत ठेवलं होतं. असं काही मनाला लागलं की मी खेकसतेच.

"कुठे निघालीस?" मी म्हटलं. "गिरगावाहून परळला यायला किती वेळ लागतो माहीत आहे? कळा सुरू झाल्या आणि पुलाखाली अडकलीस म्हणजे? इथून हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. कपाट बंद कर."

मग दाराकडे गेले. सुनेत्राबाई बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. लेकीच्या सासरी पाणीसुद्धा न पिणाऱ्या जुन्या वळणाच्या बाई.

"बॅग आणलीत ते बरं केलंत," मी म्हटलं. "आता परत जा आणि तिच्यात तुमच्या चार साड्या भरून आणा. खालचा खण रिकामा करते तुमच्यासाठी. हिच्या उशाशी रात्री कुणी जागायचं, ते आपण दोघी वाटून घेऊ."